‘मेंदीचं अत्तर नको’: नानांच्या कोटाचा वास शोधताना

माझ्या मावशीला तिच्या वडिलांच्या कोटाचा वास हवा होता. ती आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. नाना म्हणजे माझे आजोबा. ते मिरजेत एका वकिलांकडे कारकून होते आणि १९७९ साली गेले. थंडीत ते काळा लोकरी कोट घालत आणि सकाळी निघताना कानाच्या पाळीत अत्तराचा फाया ठेवत. अत्तर मीरासाहेबांच्या उरुसात घेतलेलं असायचं, एक कुपी वर्षभर पुरायची. कुपी राहिली नाही, कोटही राहिला नाही. मावशीकडे उरलं होतं एक नाव आणि काही विशेषणं. त्या दोन्हींनी आमचे चार महिने खाल्ले.

मी नऊ वर्षं एका अगरबत्तीच्या कारखान्यात वास मिसळण्याच्या खोलीत काम केलंय, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. सुरुवात मात्र मावशीनं माझ्याशिवायच केली होती. काय बिघडलं ते तिथेच दिसतं, म्हणून आधी ते सांगते.

नाव होतं ‘हिना’. नाना तेच म्हणायचे, हे तिला पक्कं आठवत होतं. हिना म्हणजे मेंदी, म्हणून पुण्यात रविवार पेठेतल्या दुकानात जाऊन तिनं “मेंदीचं अत्तर आहे का?” असं विचारलं. दुकानदारानं दिलं ते गुलहिना. हे मेंदीच्या फुलांचं अत्तर असतं. मेंदीचं झाड फुललं की त्याच्या बारीक फिकट तुऱ्यांना जो गोडसर, किंचित चहाच्या पत्तीसारखा वास येतो, तो चंदनाच्या तेलात उतरवलेला असतो. वास चांगला होता, पण नानांचा नव्हता. मावशी दुसऱ्या दुकानात गेली, तिथंही तेच मिळालं. दोन्ही दुकानदारांचं काही चुकलं नाही. तिनं मागितलं तेच त्यांनी दिलं.

अत्तराच्या धंद्यात हिना नावाची दोन वेगळी अत्तरं आहेत, एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं. गुलहिना फुलांचं. नुसतं हिना किंवा शमामा म्हणतात ते मसाल्यांचं आणि मुळ्यांचं, त्याचा मेंदीच्या फुलाशी जवळपास संबंध नाही. दगडफूल, नागरमोथा, जटामांसी, कपूरकाचरी, लवंग, जायफळ, वेलची अशा कितीतरी जिन्नसांचा अर्क टप्प्याटप्प्यानं चंदनतेलात उतरवतात. प्रत्येक घराण्याची यादी वेगळी आणि ती यादी कुणी सांगत नाही. हे थंडीचं अत्तर आहे. वाळा, गुलाब, केवडा, माती ही उन्हाळ्याची. हिना, शमामा, अंबर, ऊद ही हिवाळ्याची. जुने गिऱ्हाईक आणि जुने दुकानदार ऋतूवरूनच निम्मं ओळखतात. मावशीनं ‘थंडीत’ हा एक शब्द जरी उच्चारला असता, तरी पहिल्याच दुकानात गोष्ट वेगळ्या वाटेला लागली असती.

तिसऱ्या दुकानात तिनं नाव सोडलं आणि वर्णनावर गेली. “जुना वास हवा. ओला, मातीसारखा, पण त्यात मसाला.” दुकानदारानं मजमुआ काढलं. त्यात कदंब, केवडा, वाळा आणि मातीचं अत्तर असतं, म्हणजे ‘ओला’ आणि ‘माती’ या दोन शब्दांना त्यानं अगदी इमानानं उत्तर दिलं. मावशी म्हणाली, “हा पावसाळा झाला. मला दिवाळीनंतरचं हवंय.” ते तिथंच ठेवून ती चौथ्या ठिकाणी गेली आणि म्हणाली, “थोडं झोंबणारं, तंबाखूसारखं.” तिथं तिला ऊदाचं आधुनिक मिश्रण मिळालं, धुरकट, कातड्यासारखं, हल्ली तरुण मुलं लावतात तसलं. ते लावून ती घरी आली तेव्हा तिच्या नातवानं खूश होऊन विचारलं, “आजी, कुठलं परफ्युम?” मावशीनं मला फोन केला तो त्या रात्री.

मी तिला वासाबद्दल काही विचारलंच नाही. कारखान्यात आम्ही गिऱ्हाइकाला ‘वास कसा हवा’ असं कधी विचारत नसू. त्याचं उत्तर नेहमी ‘गोड पण उग्र नको’ असंच येतं आणि त्यात शंभर वास बसतात. मी विचारलं ते भोवतालचं. वास कुठून यायचा, कधी यायचा, अत्तर लावल्यावर किती वेळानं यायचा, आणि तेव्हा जवळ आणखी काय असायचं.

पहिल्या प्रश्नाला ती म्हणाली, “कोटातून.” मग थोडं थांबून, “नानांच्या कानातून नाही. ते संध्याकाळी यायचे, कोट खुंटीला लावायचे. मी कोटात तोंड घालायची.”

या उत्तरानं माझी दिशा बदलली. नाना सकाळी साडेनऊला फाया ठेवत. मावशीचा वास होता संध्याकाळचा, नऊ-दहा तास मुरलेला, आणि तोही आदल्या कित्येक दिवसांच्या थरांवर बसलेला. अत्तर उघडल्यावर पहिल्या मिनिटाला जे नाकात शिरतं ते हलके रेणू असतात. ते तासाभरात उडून जातात. मधले तीन-चार तास टिकतात. कापडावर रात्रभर राहतात ते फक्त तळाचे, जड, चंदनासारखे, मुळ्यांसारखे. मावशीला आठवत होता तो तळ. पण दुकानदार बाटलीचं बूच काढून नाकाशी धरतो, मनगटावर काडी फिरवतो आणि अर्ध्या मिनिटात ‘हेच का?’ म्हणून बघतो. तो विकत होता अत्तराची सकाळ, हिला हवी होती संध्याकाळ. चार दुकानांतल्या चार अत्तरांपैकी एखादं संध्याकाळी बरोबर झालंही असतं, पण ऊदाचं सोडून तिनं एकही दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवून पाहिलं नव्हतं. ऊदाचंही तिनं त्याच रात्री साबणानं घासून काढलं.

दुसरी गोष्ट मनगटाची. हल्ली सगळे मनगटावर घेतात. मनगट गरम असतं, घामट असतं, आणि मावशीच्या मनगटावर तर तिच्या सांधेदुखीच्या मलमाचा कायमचा वास. नानांचं अत्तर कापसावर होतं आणि तिथून लोकरीत गेलं होतं. लोकर वास धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. मी मावशीला तिच्या जुन्या, न वापरलेल्या लोकरी शालीचा एक पदर कापायला लावला. तो तिनं रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवला आणि त्याचे दोन बोटं रुंदीचे तुकडे केले. पुढच्या सगळ्या परीक्षा या तुकड्यांवर झाल्या.

मग राहिले शब्द. ‘ओला’, ‘मसाला’, ‘मातीसारखा’ हे शब्द दुकानदाराला चुकीकडे नेत होते, कारण मावशीच्या मनातला ‘मसाला’ कुठला हे त्याला कळायचा मार्गच नव्हता. मी काष्ठौषधींच्या दुकानात गेले आणि आठ जिन्नस प्रत्येकी पंचवीस ग्रॅम घेतले: दगडफूल, नागरमोथा, जटामांसी, कपूरकाचरी, वाळा, लवंग, जायफळ, वेखंड. प्रत्येकाची वेगळी पुडी केली, वर नाव न लिहिता फक्त आकडा टाकला आणि मावशीकडे गेले. एका वेळी एक पुडी, मधे दोन-तीन मिनिटं गप्पा. नाक थकतं तेव्हा कॉफीच्या बिया हुंगायला देतात, पण नुसत्या मोकळ्या हवेपेक्षा त्याचा जास्त उपयोग होत नाही. आम्ही गॅलरीत जाऊन उभ्या राहिलो.

वाळ्याला ती लगेच “नाही, हा माठातला” म्हणाली. कपूरकाचरीला “उटणं”. वेखंडाला तोंड वाकडं केलं, बाळगुटीची आठवण झाली असावी. लवंग आणि जायफळ तिला ‘असेल थोडं’ वाटलं. जटामांसीला ती गप्प बसली. तो वास चांगला नसतो, घामट, मुळांचा, जुन्या गादीसारखा असतो. ती म्हणाली, “हा वाईट आहे, पण आहे.” नागरमोथ्याला होकार आला. आणि दगडफुलाची पुडी उघडल्यावर ती म्हणाली, “अगं, हा तर आपला गोडा मसाला!” पुन्हा हुंगून म्हणाली, “हा तळाला आहे. हाच खाली राहायचा.”

मिरजेतल्या त्या घरात दगडफूल वर्षातून एकदा गोड्या मसाल्यासाठी भाजलं जायचं, तेव्हा ‘मसाला’ हा तिचा शब्द खरा होता. दुकानदार मात्र मसाला म्हटल्यावर लवंग-दालचिनीकडे जातो. दगडफूल ही दगडावर, झाडाच्या सालीवर बुरशी आणि शेवाळ मिळून होणारी वाढ, अत्तरवाले तिला चरीला म्हणतात. शमाम्याचा तळ बहुतेक तिच्यावर उभा असतो. तिचा ओलसर, जंगली, जरा धुळकट वास चंदनात मिसळला की ‘ओल्या दगडाला मसाल्याचा हात लागलाय’ असं काहीतरी होतं. मावशीचं ‘ओला’ आणि ‘मातीसारखा’ हेही इथलंच होतं, मातीच्या अत्तराचं नव्हतं.

तीन पुड्या बाजूला काढल्या: दगडफूल, नागरमोथा, जटामांसी. त्या आणि लोकरीचे तुकडे घेऊन डिसेंबरात आम्ही मुंबईला गेलो, मोहम्मद अली रोडला. मिनारा मशिदीच्या आसपास अत्तराची दुकानं शेजारी शेजारी आहेत, एकात नाही मिळालं तर दुसऱ्यात पायी जाता येतं, एवढ्याचसाठी. आम्ही मुद्दाम सकाळी अकराला गेलो. संध्याकाळी तिथं अत्तरापेक्षा तव्यावरच्या कबाबांचा वास जास्त.

पहिल्या दुकानातला मुलगा चटपटीत होता. मावशीनं तोंड उघडायच्या आत त्यानं पाच बाटल्या काढल्या आणि तिच्या दोन्ही हातांवर फिरवल्या. तिथून निघालो. हात पुसून, चहा पिऊन अर्ध्या तासानं दुसऱ्या दुकानात गेलो. तिथं एक म्हातारे चाचा बसले होते. मावशी त्यांना म्हणाली, “भाईसाहब, मेरे वडील ठंडी में लगाते थे. हिना बोलते थे. लेकिन मेंदीवाला नहीं चाहिए.” मग तिनं तीन पुड्या काउंटरवर उघडल्या. “इसका वास आना चाहिए. सुबह नहीं, शाम को. कोट में.”

चाचांनी पुड्या हुंगल्या, चरीला ओळखून हसले आणि म्हणाले, “ये तो शमामे का मसाला है, माँजी. गुलहिना नहीं, हिना चाहिए आपको.” त्यांनी विचारलेला पुढचा प्रश्न मला फार आवडला: “वालिद साहब रूई कान में रखते थे, या कपड़े पे मलते थे?” म्हणजे त्यांनाही संध्याकाळ कळली होती. त्यांनी एकही बाटली लगेच नाकाशी धरली नाही. तीन काढल्या आणि “काड़ी पे नहीं, अपने कपड़े पे ले जाइए” असं म्हणून प्रत्येकाचा एक-एक थेंब आमच्या लोकरीच्या तुकड्यावर टाकला. पहिला त्यांच्या नेहमीच्या कन्नौजच्या घराण्याचा शमामा. दुसरा हिना, जास्त गोड, त्यात कस्तुरी आहे असं ते म्हणाले. तिसरा ‘पुराना हिना’, बरीच वर्षं ठेवलेला, गडद तपकिरी.

कस्तुरीबद्दल जाता जाता. कस्तुरीमृगाच्या शिकारीवर आणि कस्तुरीच्या व्यापारावर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. आज दुकानात ‘असली कस्तूरी’ म्हणून जे मिळतं ते प्रयोगशाळेत बनलेलं असतं किंवा लताकस्तुरीच्या बियांचं. चाचांनी विचारण्याआधीच सांगितलं, “नाम की कस्तूरी है.” नानांच्या कुपीत काय होतं कुणास ठाऊक. मी त्या वाटेला गेले नाही.

तिन्ही तुकडे वेगवेगळ्या काचेच्या बाटल्यांत घालून आम्ही पुण्याला आलो. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले असते तर वास एकमेकांत शिरले असते, शिवाय पिशवीचाही वास लागतो. मावशीला मी एक अट घातली होती: दिवसभर बाटल्या उघडायच्या नाहीत. संध्याकाळी साडेसातला, म्हणजे सुमारे आठ तासांनी, तुकडे काढून खुंटीला टांगले आणि आम्ही एकेकाजवळ गेलो. पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी.

दुसरा तुकडा आधी बाद झाला, पण गमतीनं. मला त्यातून स्वच्छ, धुतलेल्या चादरीसारखा गोड वास येत होता, भरपूर. मावशीला काहीच येत नव्हतं. ती म्हणाली, “हा उडाला.” तो उडालेला नव्हता. काही कृत्रिम कस्तुरींचे रेणू कित्येक माणसांच्या नाकाला लागतच नाहीत. बाकी सगळे वास नीट येत असतात, फक्त त्या एका जागी नाक आंधळं असतं. म्हणून दुसऱ्यासाठी वास शोधताना आपल्या नाकावर विसंबून चालत नाही आणि त्याच्या ‘काहीच नाही’वर भांडूनही चालत नाही. नाक मावशीचं, तेव्हा निकाल मावशीचा.

पहिला तुकडा, शमामा, सकाळी एकदम औषधी होता. संध्याकाळी तो कोरडा झाला होता, दगडफूल ठळक, जवळजवळ नुसतं दगडफूल. मावशी म्हणाली, “मसाल्याचा डबा. नाना नाहीत.” तिसऱ्याजवळ ती जास्त वेळ थांबली. तुकडा गालाला लावला. “हा आहे,” म्हणाली, “पण पातळ आहे. नाना याच्यापेक्षा गोल होते.”

‘गोल’ या शब्दाशी मी बराच वेळ झगडले. चंदनतेलावर काम केलेल्याला तो शब्द ओळखीचा आहे. चंदन स्वतः फार बोलत नाही, पण बाकीच्यांचे कोपरे घासून टाकतं. त्याला आम्ही दुधाळ म्हणायचो. कन्नौजच्या पद्धतीत तांब्याच्या देगेतली वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते आणि त्यात आधीपासून चंदनतेल असतं, ते वास पिऊन घेतं. नानांच्या काळात असं अत्तर चंदनावर असणं ही साधी गोष्ट होती. पुढे चंदन दुर्मीळ आणि महाग झालं, आणि बऱ्याच अत्तरांचा तळ बदलला. चंदनाच्या जागी पॅराफिन किंवा डीओपीसारखी बिनवासाची तेलकट रसायनं आली. मसाला तोच, घराणं तेच, तरी संध्याकाळचा वास वेगळा, कारण संध्याकाळी उरायचं ते चंदन आता उरतच नाही.

तिसऱ्या अत्तरात चंदन किती हे ओळखायला लोक कागदावर थेंब टाकून तेलकट डाग राहतो का बघतात. अत्तराच्या बाबतीत ही परीक्षा फसवी आहे, कारण खरं चंदनतेलही जड असतं आणि त्याचाही डाग कित्येक दिवस जात नाही. हिशेब जास्त खरं बोलतो. चांगलं चंदनतेल किलोला एक लाखाच्या वर जातं, म्हणजे ग्रॅमला शंभराहून जास्त. तोळाभर अत्तरात, म्हणजे साधारण बारा ग्रॅममध्ये, नुसत्या तळाचेच बाराशे रुपये झाले. कुणी तीनशे रुपये तोळ्यानं ‘शुद्ध चंदनावरचं’ देत असेल तर ते कसं परवडतं हे त्यालाच विचारावं. चाचांचा जुना हिना स्वस्त नव्हता, पण एवढाही महाग नव्हता. मी जुन्या कारखान्यातल्या मित्राकडे दोन थेंब ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये टाकून पाहिले. चंदनतेल त्यात पूर्ण विरघळतं, पॅराफिन विरघळत नाही आणि द्रव दुधासारखा गढूळ होतो. आमचं किंचित गढूळ झालं. म्हणजे काही भाग पॅराफिन. ही परीक्षाही अर्धीच, कारण डीओपी अल्कोहोलमध्ये मुकाट विरघळतं आणि तिथं काहीच दिसत नाही.

मी चाचांना फोन केला. ते न चिडता म्हणाले, “पूरा संदल का चाहिए तो बनवाना पड़ेगा, और दाम सुनके माँजी नाराज़ होंगी.” मग आम्ही स्वस्तातला मार्ग धरला. त्यांच्याकडून जुना हिना ३ मिली घेतला आणि मित्राच्या ओळखीनं ५ मिली चंदनतेल. छोट्या कुप्यांमध्ये थेंबांनी तीन मिश्रणं केली: हिनाचे चार थेंब आणि चंदनाचा एक, दोनाला एक, आणि समसमान. मिसळल्या मिसळल्या वास घेण्यात अर्थ नसतो, म्हणून तीन आठवडे कपाटात ठेवलं. समसमान मिश्रण फार गोल झालं, देवघरातल्या चंदनाच्या खोडासारखं. चाराला एक अजून पातळ होतं. दोनाला एक लोकरीवर टाकून संध्याकाळी मावशीकडे नेलं, तेव्हा तिनं तुकडा हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

तरी ते ‘झोंबणारं, तंबाखूसारखं’ राहिलंच होतं. ते मी कुठल्या अत्तरात शोधत होते, ते मला आता हास्यास्पद वाटतं. कोल्हापूरहून मामा आला तेव्हा मी तुकडा त्याच्या हातात दिला. तो मावशीपेक्षा सहा वर्षांनी लहान. त्यानं हुंगलं आणि म्हणाला, “नानाच. तपकीर नाही एवढंच.”

नाना तपकीर ओढत. डबी कोटाच्या उजव्या खिशात असायची. मावशीला हे माहीत होतं, अर्थातच, पण तपकीर ही तिच्या डोक्यात ‘वस्तू’ होती, वास नव्हता. अत्तराचं वर्णन करताना ती खिशासकट करत होती, आणि चौथ्या दुकानदारानं त्या खिशालाच उत्तर म्हणून ऊद काढलं होतं. आठवणीतला वास एकाच बाटलीतून आलेला असेल असं आपण धरून चालतो. जुन्या कोटात निदान तीन-चार गोष्टी असतात: अत्तर, तपकीर किंवा विडी, डांबराच्या गोळ्या, लोकर. त्या वेगळ्या करायला त्याच घरात राहिलेलं दुसरं माणूस लागतं, कारण प्रत्येकाच्या आठवणीला वेगळी गोष्ट चिकटलेली असते. मामाला तपकीर आठवली, कारण तो लहानपणी ती चोरून ओढायचा आणि शिंकत बसायचा. मावशीला दगडफूल आठवलं, कारण ती स्वयंपाकघरात होती.

मी एक चिमूट तपकीर कापडाच्या पुरचुंडीत बांधून लोकरीच्या तुकड्याबरोबर डबीत ठेवली. अत्तरात ती घातली नाही. घातली असती तर तेल गढूळ झालं असतं आणि तंबाखूचा वास बाकी सगळ्यांवर चढून बसला असता. दोन दिवसांनी डबी उघडली तेव्हा मामा म्हणाला, “आता खिसा पण झाला.” मग डांबराच्या गोळ्यांचाही विषय त्यानं काढला. मावशीनं त्याला गप्प केलं. तो वास नानांचा नव्हे, ट्रंकेचा, असं तिचं मत आहे. मामाला ते मान्य नाही.

जे हातात आलं ते कितपत जवळ आहे, हे मोजायला काही नाही. मूळ कुपीच नाही. मावशी म्हणते बारा आणे. मला वाटतं त्यातले दोन-तीन आणे तिच्याच नाकाचे आहेत: चार महिने त्याच तुकड्यांना हुंगल्यावर आठवण नव्या वासाकडे थोडी सरकतेच. म्हणून मामाचा पहिला शब्द मी जास्त धरते, कारण त्यानं आधीचं एकही अत्तर हुंगलेलं नव्हतं आणि त्याला नाव न सांगता तुकडा हातात दिला होता.

कुपीवर मी चिठ्ठी चिकटवली आहे: जुना हिना दोन, चंदन एक, तारीख. चाचांनी सांगितलं की त्या जुन्या हिनाची त्यांच्याकडे अर्धी बाटली उरली आहे, नवा माल आला तर तो ‘भाई’ असेल, ‘वही’ नसेल. मावशीनं मला परत मुंबईला पाठवून ६ मिली आणखी आणायला लावलं. ती ते फक्त दिवाळी ते संक्रांत काढते, तेही अंगाला नाही. खुंटीला तिनं स्वतःचा एक लोकरी स्वेटर टांगला आहे, त्याच्या कॉलरमागे फाया असतो. तपकिरीची डबी तिनं स्वेटरच्या खिशात ठेवली होती. सुनेनं स्वेटर धुवायला काढला तेव्हा डबी मशीनमध्ये फुटली.